आईची पौर्णिमा, बाबांची तारीख

श्टुटगार्ट, 19 एप्रिल 2026

प्रिय प्रज्ञा,

जय भीम. आई-बाबांच्या लग्नाला येत्या 1 मेला 38 वर्षं होतात आणि त्या दिवशी मला तुझी मदत हवी आहे.

त्यांचं लग्न 1 मे 1988चं, रविवार, बुद्ध पौर्णिमा. बाबा तारीख धरतात, आई पौर्णिमा. चंद्राचं वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे पौर्णिमा दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा लांब जाते. 2024 साली ती 23 मेला होती, गेल्या वर्षी 12 मेला. साधारण 19 वर्षांनी दोन्ही परत जुळायला येतात. 2007 मध्ये मात्र एका दिवसाने हुकलं, पौर्णिमा 2 मेला आली. यंदा ती नेमकी 1 मेला आहे. पुढच्या वर्षी लगेच 20 मेवर जाईल, कारण यंदा ज्येष्ठ अधिक आहे.

बाबा मालगाडीवर गार्ड होते, तुला माहीतच आहे. दोन दिवसांपैकी एका दिवशी तरी ते घरी असतील, या हिशेबाने आमच्याकडे दोन्ही दिवस पाळले जायचे. पौर्णिमेला ड्यूटी लागली तर आई खिरीचा तांदूळ नुसता पाण्यात शिजवून ठेवायची. तेव्हा फ्रिज नव्हता आणि नागपूरचा मे महिना, दुधातली खीर संध्याकाळपर्यंत नासली असती. दूध वेगळं, दर दोन-तीन तासांनी उकळलेलं. बाबांची सायकल फाटकात वाजली की मगच दोन्ही एकत्र व्हायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी. मी अंथरुणातून वेलदोड्याच्या वासाने उठायची. त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे हे मला कुणी सांगितलं नाही, मी ते त्या वासावरून शिकले.

म्हणून यंदा नुसतं 'हार्दिक शुभेच्छा' मला लिहवलं नाही. सोबतच्या बंद पाकिटात एवढंच आहे:

"आई, बाबा, अडतीस वर्षांनी तुमचे दोन्ही दिवस एक झालेत. बाबा, आज कुठलीच गाडी घेऊन जायचं नाही. आई, आज तांदूळ पहिल्यापासून दुधातच शिजव. तुम्ही दोघं अशीच एकमेकांसाठी जागी राहा, खूप वर्षं. मला तुमच्यासारखा संसार करायचा आहे."

सकाळी ते पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जातील, ऊन चढायच्या आत परततील. तू नऊच्या सुमारास जा. इथे तेव्हा साडेपाच वाजलेले असतील, मी जागी असेन. इथेही 1 मेची सुट्टी असते, त्यामुळे घाई नाही. पाकीट बाबांच्या हातात दे, वाचू मात्र आईला दे, बाबांचा आवाज मध्येच बसतो. त्यांचं वाचून झालं की मला व्हिडिओ कॉल लाव, आधी नको. चारोळी घेऊन जा, आईकडची संपली आहे असं परवा ती म्हणत होती.

तुझी,
अश्विनी