विषय : दुरुस्तीहून तमिळ होऊन आलेला फोन आणि तुमच्या हेल्पलाइनचे पाच कॉल

ग्राहक सेवा प्रमुख यांस,

पाचवा कॉल आत्ता संपला. तो संपताच "तुमची समस्या सुटली असल्यास 1 दाबा" असं यंत्र म्हणालं. दाबण्यासारखं बरंच काही मनात होतं, म्हणून लिहायला बसलो.

मी सांगलीचा कर सल्लागार. कामासाठी चेन्नईला आलो असताना फोनचा बोर्ड गेला. तुमच्या अधिकृत केंद्राने तो बदलला, फोन रीसेट केला आणि मला न विचारता तमिळमध्ये सुरू करून हातात दिला. तमिळबद्दल तक्रार नाही. मला ती वाचता येत नाही, एवढंच. दिवस 20 तारखेचा, एका अशिलाचं जीएसटीचं 3B विवरणपत्र रात्री बारापर्यंत भरायचं आणि हॉटेलचं वाय-फाय बंद. फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचं, एवढंच माझं मागणं होतं.

तिसऱ्या कॉलवरचा संवाद जसाच्या तसा देतो. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, "गुणवत्तेसाठी" करता ना.

"सर, सेटिंग्जमध्ये 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग' असं लिहिलेलं दिसेल."
"सगळं तमिळमध्ये आहे."
"मग आधी भाषा इंग्लिश करा. 'सिस्टम' लिहिलंय तिथे जा."
"तेही तमिळमध्येच लिहिलंय."
"ओके सर. मग 'लँग्वेजेस' असं लिहिलेलं असेल बघा."

मी गप्प बसलो. त्यावर, "सर, शेजारी कुणी वाचता येणारं आहे का?"

वाचता येणारं! पंचवीस वर्षं लोकांचे ताळेबंद वाचतोय मी. रिसेप्शनवरच्या मुलाला गाठलं, तर तो ओडिशाचा. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला.

शेवटी माझं मीच शोधलं. फोन तुम्ही बनवलाय, तेव्हा हे तुम्हाला ठाऊक असणारच. तरी तुमच्या माणसांना वाचून दाखवा.

दातेरी चक्र उघडलं की वाय-फायच्या चिन्हाची ओळ अगदी वर असते. तिच्या आत, ठिपक्याभोवती कंस असलेलं चिन्ह म्हणजे हॉटस्पॉट. ते सुरू केलं, पासवर्डच्या ओळीवर बोट ठेवलं तर पासवर्ड इंग्रजी अक्षरांतच होता. तरी लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसेना. खाली एका ओळीत 5 हा आकडा निवडलेला होता. माझा लॅपटॉप जुना, त्याला फक्त 2.4 GHz कळतं. आकडे कुठल्याही भाषेत वाचता येतात, पण "आकडा बघा" असं पाचपैकी एकाही कॉलवर कुणी म्हणालं नाही.

ते बदलायच्या भानगडीत न पडता मी केबल लावली. त्याच पानावर एका ओळीत USB ही अक्षरं इंग्रजीच आहेत. ती ओळ फिकट होती, दाबली जाईना. केबल लावली तरी फिकटच, कारण ती नुसती चार्जिंगची केबल होती, तिच्यातून डेटा जात नाही. रिसेप्शनवरच्या त्याच मुलाने स्वतःची केबल दिली आणि ओळ ठळक झाली. बटण सरकवलं, लॅपटॉपने फोनला वायरचं नेटवर्क म्हणून ओळखलं. 11.25 ला नेट आलं, 11.48 ला 3B भरलं. तुमच्या हेल्पलाइनला दोन तासांत जे जमलं नाही, ते त्या पोराच्या केबलने केलं.

भाषाही नंतर मीच बदलली. यादीच्या शेवटाकडे सिस्टमची ओळ, तिच्यात पृथ्वीगोलाचं चिन्ह, मग अधिकचं चिन्ह. तिथल्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं. "मराठी" हा शब्द देवनागरीत दिसला तेव्हा गावचा माणूस भेटल्यासारखं झालं. निवडून ओढत सगळ्यात वर नेला आणि फोन माझा झाला. "गोलाचं चिन्ह शोधा" या तीन शब्दांनी माझे दोन तास वाचले असते.

माझ्या मागण्या. हेल्पलाइनवरच्या प्रत्येकाकडे चिन्हं आणि ओळींचे क्रम असलेला कागद हवा, कारण "असं लिहिलेलं असेल" हे वाक्य न वाचता येणाऱ्याच्या काय कामाचं? फोन परत देताना भाषा विचारा. पुन्हा सांगतो, मला न विचारता भाषा ठरवली गेली. आणि शेजारी वाचता येणारं आहे का, या प्रश्नाबद्दल लेखी माफी हवी.

तुमचाच हा माझा तिसरा फोन. बायकोचाही तुमचाच, माझ्याच सांगण्यावरून. आता ती मला रोज ऐकवते.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. कागदपत्रं नीट लावणं हा माझा धंदाच आहे. उत्तर मराठीत पाठवलंत तरी चालेल, मला वाचता येतं.

एक ग्राहक, सांगली