फ्रायरवरची यंत्रणा, पण गॅस चालूच

महोदय,

कळंगुट भागातल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये फ्रायरवर आग विझवणारी यंत्रणा आहे, पण तिची धातूची कडी तेलकट चिकट्याने माखलेली. आगीच्या धगीने ही कडी वितळली की ताणलेली तार सुटते आणि नोझलमधून पोटॅशियम क्षारांचे द्रावण फवारले जाते. गरम तेलावर त्याचा साबणासारखा फेस होतो, तो हवा अडवतो. द्रावणातले पाणी वाफ होताना तेल थंड करते. चिकट्यामुळे कडीला धग उशिरा लागते, हे एक. त्याहून वाईट म्हणजे गॅसचा व्हॉल्व्ह यंत्रणेला जोडलेलाच नव्हता! तेल साधारण ३६० अंशांच्या खाली उतरण्याआधी फेस फुटला, तर ते आपोआप पुन्हा पेटते. खाली बर्नर चालू असेल तर उतरणार कसे? तपासनिसांनी नुसता द्रावणाच्या सिलिंडरचा काटा न पाहता हा व्हॉल्व्ह बंद होतो का, तेही पाहावे.

– एक वाचक, म्हापसा