परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: एच-४ वरच्या जोडीदाराला तारखेचा फास

मा. परराष्ट्रमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

३० ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेने एच-१बी नोकरदारांच्या एच-४ व्हिसावरच्या जोडीदारांच्या वर्क परमिटला, म्हणजे ईएडीला, आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद केली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवसांहून आधी करता येत नाही, आणि वेळेत केला तरी जुने कार्ड संपले की नवे येईपर्यंत पगार बंद. आपल्याकडून यावर ठणकावून काही ऐकू आले नाही. असो, आपण कामात असाल.

निदान आपल्या हातातले तरी करा. समजा, नवऱ्याचा एच-१बी तीन वर्षांचा, कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेली आय-१४० याचिका मंजूर, म्हणजे बायकोला ईएडी मिळू शकते. ती आर्किटेक्ट आहे, पुण्यातली नोकरी सोडून निघते. पासपोर्टची मुदत उरली आहे चौदा महिने. व्हिसाच्या शिक्क्यावर तीन वर्षे आहेत म्हणून दोघे निर्धास्त. अमेरिकेच्या विमानतळावरचा अधिकारी मात्र आय-९४, म्हणजे किती काळ राहता येईल याची नोंद, पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, आणि ईएडी त्या तारखेपलीकडे जात नाही. नंतर पासपोर्ट नवा केला तरी आय-९४ आपोआप वाढत नाही. एक तर मुक्काम वाढवण्याचा आय-५३९ अर्ज भरून वाट बघा, नाही तर देशाबाहेर जाऊन परत या. दरम्यान नोकरी गेलेली असते, आणि बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सही त्याच तारखेला बांधलेले.

म्हणून उतरल्याच्या दिवशीच i94.cbp.dhs.gov वर तारीख बघावी. पण मुळात मुदतीला वर्षाहून जास्त अवधी असला की आपली पासपोर्ट केंद्रे नूतनीकरणाला सहसा तयार नसतात! तिचा पासपोर्ट नेमका या कात्रीत सापडतो. अवलंबित व्हिसाची कागदपत्रे दाखवली की मुदतीआधी पासपोर्ट द्या, एवढीच मागणी.

घरात काय होते तेही सांगते. एकाच्या पगारावर भाडे, विमा, गाडी. तिचे स्वतःचे खाते नसेल तर भाजी आणायलाही नवऱ्याचे कार्ड. जी जोडपी टिकतात, ती पहिल्याच महिन्यात जॉइंट खाते काढतात, घराच्या करारावर तिचेही नाव घालतात आणि तिचा दरमहाचा हिस्सा वेगळा ठेवतात, मागावा लागू नये म्हणून. भारतातल्या कंपनीचे काम अमेरिकेत बसून ऑनलाइन करता येईल हा सल्ला मात्र कुणी ऐकू नये. परवान्याशिवाय ते धोक्याचे. शिकता येते, पण फी त्याच एका पगारातून. मैत्रिणींचा ग्रुप पुण्याच्या रात्री जागा असतो. न्यू जर्सीत तेव्हा दुपार, आणि सांगण्यासारखे काही नसते. नवराही मोकळा नाही. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस होण्याआधी कंपनीने ती याचिका मागे घेतली तर तिच्या ईएडीचा आधार जातो, म्हणून तोही नको ती नोकरी रेटतो.

२०१५ मध्ये एच-४ जोडीदारांना कामाची परवानगी देणारा नियम आला तेव्हा अमेरिकी सरकारचाच अंदाज होता की पहिल्या वर्षी १ लाख ७९ हजार जोडीदार पात्र ठरतील. आज किती, ते आपण मोजता का? प्रवासी भारतीय दिवसाच्या भाषणात डॉलरचा आकडा मात्र पाठ असतो. तो डॉलर कुणाच्या बंद पडलेल्या करिअरवर उभा आहे, हे विचारायची सोय तुमच्या कुठल्याच पोर्टलवर नाही. तिकडे व्हिसा देणारे, इकडे पासपोर्ट देणारे. दोघांच्याही खिडकीवर तेच उत्तर, ‘हे आमच्याकडे येत नाही.’

उत्तर परिपत्रकाने द्यावे, ट्विटने नको.

आपली,
एक एच-४ धारक