‘रिगार्ड्स’ कधी तापतात?

महोदय,

ईमेलच्या शेवटचं ‘रिगार्ड्स’ कोणी वाचत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. कारखान्याच्या खरेदी विभागात बसून रोज पुरवठादारांचे मेल उघडणाऱ्या माझ्यासारख्याला ते पटत नाही. ते एकटं वाचलं तर त्यात खरंच काही नसतं. पण त्याच माणसाचे आधीचे मेल शेजारी ठेवले की बरंच कळतं.

एक उदाहरण देतो. आमच्याकडे ब्रॅकेट पुरवणाऱ्या एका लघुउद्योजकाचं बिल अडकलं होतं. पहिल्या मेलमध्ये सुरुवातीला ख्यालीखुशाली, मग बिलाची प्रत, शेवटी ‘वॉर्म रिगार्ड्स’ आणि खाली नुसतं पहिलं नाव. पुढच्या मेलला विषय ‘जेंटल रिमाइंडर’ आणि शेवटी कोरडं ‘रिगार्ड्स’. तिसऱ्यात ‘डिअर सर’ही गेलं. ‘पेमेंटची तारीख आज कळवा. थँक्स.’ बस्, एवढंच. चौथा मेल मात्र अगदी सालंकृत: पूर्ण नाव, ‘प्रोप्रायटर’, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी क्रमांक, सीसीमध्ये आमचे अकाउंट्सचे साहेब आणि शेवटी ‘थँक्स अँड रिगार्ड्स’. साखळीतला सर्वांत सभ्य मेल हाच आणि सर्वांत संतापलेलाही हाच. उद्यम क्रमांक म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद, तो तिथे शोभेला नव्हता. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तो माणूस आता माझ्याशी बोलत नव्हता, फाइलसाठी कागद तयार करत होता.

हेच ‘थँक्स अँड रिगार्ड्स’ आमच्या स्टोअरमधला मुलगा प्रत्येक मेलला लावतो, चहाच्या कूपनच्या मेललाही. त्यात राग नाही आणि प्रेमही नाही, कारण ते त्याने कधीतरी सेटिंगमध्ये टाकून ठेवलंय. म्हणून आधी हे पाहावं की समारोप हाताने टाइप केलाय की आपोआप आलाय. आउटलुकमध्ये नव्या मेलला एक आणि उत्तराला दुसरी सही ठेवता येते, आणि बरेच जण उत्तराला काहीच ठेवत नाहीत. त्यामुळे एका ओळीच्या उत्तरांच्या साखळीत अचानक हुद्द्यासकट पूर्ण सही अवतरली, तर दोनच शक्यता उरतात. एक तर माणूस मोबाइलवरून संगणकावर आला असेल, नाहीतर त्याला हे रेकॉर्डवर आणायचं असेल. नुसत्या सहीवरून निवाडा करू नये. सोबत नमस्कार गळाला का, सीसीत कोणी वाढलं का, हेही बघावं. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या असतील तर समजायचं, पाणी कुठेतरी मुरतंय.

‘थँक्स’ची गंमत वेगळी. काम झाल्यावर आलं तर ते आभार असतात, काम होण्याआधी आलं तर बहुधा हुकूम. ‘थँक्स इन अॅडव्हान्स’ तर मला उघड दमदाटी वाटते. पण २०१७ मध्ये बूमरँग या ईमेल कंपनीने साडेतीन लाखांहून अधिक मेल-साखळ्या तपासल्या, तेव्हा सर्वाधिक उत्तरं, सुमारे ६६ टक्के, याच समारोपाला मिळाली होती. मात्र ते मेल बरेचसे अनोळखी लोकांकडे मदत मागणारे होते. तिथे नाही म्हणायची मुभा असते. साहेबाच्या मेलमधल्या ‘थँक्स इन अॅडव्हान्स’ला ती नसते.

सरकारी पत्रव्यवहारात निदान ही कटकट नाही. कार्यालयीन ज्ञापनाला मायनाही नसतो आणि समारोपही नसतो, त्यामुळे कोणाला काही लागत नाही.

त्या पुरवठादाराला मी शेवटी फोन लावला. चलनावर २०० नग होते, मोजणीत १९६ भरले होते, आणि त्या चार नगांपायी स्टोअरने माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, रोखून धरलं होतं. हे त्याला कोणी कळवलंच नव्हतं. चार नगांची डेबिट नोट काढली आणि बाकीचे पैसे त्याच आठवड्यात गेले. त्याचं पुढचं कोटेशन आलं तेव्हा उधारी ४५ दिवसांवरून ३० वर आली होती, आणि खाली ‘रिगार्ड्स’.

आपला विश्वासू,
एक वाचक, भोसरी, पुणे