‘पेशंट स्टेबल’, पण किती वाजता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तालुक्यांतून सोलापुरात सर्पदंशाचे पेशंट येऊ लागतात. सोबतच्या रेफर चिठ्ठीवर बहुतेकदा एवढंच असतं: ‘सर्पदंश. एएसव्ही दिले. पेशंट स्टेबल. पुढील उपचारासाठी रवाना.’ खाली सही-शिक्का.

समजा, शेतात राबणाऱ्या एका बाईला संध्याकाळी साडेसहाला घोणस चावली. ग्रामीण रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विष भिनलेलं. आठला सलाइनमधून एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या लसीच्या, दहा व्हायल सुरू झाल्या, नऊला संपल्या. साडेदहाला बाई सोलापुरात पोहोचली, पुन्हा तीच चाचणी झाली आणि रक्त अजूनही गोठेना.

हे अपेक्षितच आहे. लस विष निकामी करते. पण रक्त गोठवणारे घटक यकृताला नव्याने तयार करायला साधारण सहा तास लागतात. त्यामुळे निर्णायक फेरचाचणी मध्यरात्रीनंतर, आणि तेव्हाही रक्त गोठलं नाही तरच पुढचा डोस. पण चिठ्ठीत वेळच नसेल तर इथल्या डॉक्टरांनी सहा तास कुठून मोजायचे? एक तर गरज नसताना लस वाढते, नाहीतर पुढचा डोस लांबतो. नातेवाइकांना विचारलं तर ‘सलाइन लावली होती’ एवढंच कळतं. लस देताना बीपी पडून अ‍ॅड्रेनालिन द्यावं लागलं असेल तर तेही हवं. पुढचा डोस त्या तयारीनेच द्यायचा असतो.

‘स्टेबल’ हा शब्द तर मला अजिबात पटत नाही. नाग किंवा मण्यार चावलेला माणूस निघताना नीट बोलत असतो. मोहोळच्या पुढे येईपर्यंत पापण्या मिटू लागतात, मान उचलत नाही, पुढे श्वासच थकतो. त्यापेक्षा निघतानाची वेळ, नाडी, बीपी, ऑक्सिजन, डोळे पूर्ण उघडतात का, मान उचलता येते का, हे लिहावं. मग इथे उतरवून घेताना घसरण लगेच दिसते. घोणशीच्या पेशंटची लघवी किती झाली आणि लाल आहे का, हेही हवं, कारण घोणशीचं विष किडनीवर जातं.

तालुक्याच्या डॉक्टरांवर रात्री एकट्याने सगळा भार असतो, हे अनेक वर्षे अपघात विभागात काढल्यामुळे जाणून आहे. निबंध कोणी मागत नाही. छापील चिठ्ठीवरच दंशाची, लसीची आणि निघण्याची वेळ लिहायला रकाने द्यावेत. शिवाय १०८ निघण्याआधी व्हेंटिलेटरची खाट आहे का, हे फोन करून विचारावं.

नातेवाइकांनीही गाडीत बसण्याआधी ‘लस किती वाजता सुरू केली, किती बाटल्या गेल्या’ हे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं आणि तिचा मोबाइलवर फोटो काढावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर