विषय: ठोकळ्याच्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर आणि फोनवर मिळालेली वागणूक

प्रति,
व्यवस्थापक, आशय विभाग

तुमच्या ग्राहक सेवेशी बोलून आत्ताच फोन ठेवला. 'तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा मेसेज लगेच आला. निराकरण झालेले नाही, म्हणून हे पत्र.

घर्षणाच्या सरावसंचातला प्रश्न तुमच्यासमोर असेलच. आडव्या टेबलावर 5 किलोचा ठोकळा स्थिर आहे, स्थितिक घर्षण गुणांक 0.4, गतिज 0.3, g = 10. त्याला 12 न्यूटनने आडवे ढकलले तर घर्षण बल किती? तुमचे उत्तर 20 न्यूटन. बरोबर उत्तर 12 आहे. बरोबर उत्तर टाकणाऱ्या मुलांना लाल फुली मिळते आणि गुणही कापले जातात.

20 हा घर्षणाच्या मर्यादेचा आकडा आहे. ठोकळ्याचे वजन 50 न्यूटन, टेबल त्याला तेवढ्याच बलाने वर उचलून धरते, त्याच्या 0.4 पट म्हणजे 20. टेबल जास्तीत जास्त एवढे अडवू शकते. प्रत्यक्षात किती अडवेल हे ढकलण्यावर ठरते: 3 न्यूटनने ढकलले तर 3, 12 ने ढकलले तर 12, कोणीच ढकलले नाही तर शून्य. म्हणून आधी मर्यादा काढायची, मग ढकल तिच्या आत आहे का ते पाहायचे. आत असेल तर ठोकळा जागेवर राहतो आणि घर्षण ढकलीइतकेच असते. 20 पेक्षा जास्त, समजा 25 न्यूटन लावले तरच मर्यादा ओलांडली जाते. मग ठोकळा घसरतो, घर्षण गतिज होऊन 15 न्यूटनवर येते आणि उरलेल्या 10 न्यूटनमुळे 2 मी/से² त्वरण मिळते.

तुमचे 20 खरे धरले तर ठोकळ्यावर मागच्या बाजूला 8 न्यूटन बल उरते. म्हणजे स्थिर ठोकळ्याला पुढे ढकलायचे आणि त्याने 1.6 मी/से² त्वरणाने ढकलणाऱ्याच्याच अंगावर यायचे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हेच विचारले, "सर, धक्का पुढं देल्ला तं ठोकळा मांगं काहून येईन?" अकरावीच्या पोरीला जे दिसले, ते तुमच्या तपासनिसांना दिसायला हवे होते.

हेच मी फोनवर सांगितले. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "सर, सूत्रात किंमत टाका, 20 च येते." मी म्हणालो, मग ठोकळा कुठे जाईल ते सांगा. ते म्हणाले, "सिस्टीममध्ये उत्तर 20 आहे." मी पुन्हा विचारले, ढकललेच नाही तर घर्षण किती? थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "20." म्हणजे कोणी हात न लावलेला ठोकळा आपोआप सरकायला लागेल, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी विचारले, "सर, तुम्ही गावाकडून बोलताय ना? तिकडे मुलांचा बेसिक कच्चा असतो, त्यांना आधी फाउंडेशन कोर्स घ्यायला सांगा." आणि त्या कोर्सची किंमत सांगायला सुरुवात केली. चूक तुमची, आणि कच्ची आमची मुले! हे वाक्य मी विसरणार नाही. कापूस विकून आलेल्या पैशातून इथल्या आईबापांनी तुमची वर्गणी भरली आहे.

चूक कुठून आली तेही सांगतो. तुमच्या सूत्रांच्या तक्त्यात fₛ = μₛN छापले आहे. तिथे fₛ ≤ μₛN हवे. बरोबरीचे चिन्ह फक्त ठोकळा सुटण्याच्या बेतात असतानाच लागू होते. याच ठोकळ्यावरचा पुढचा 18 न्यूटनचा प्रश्नही सदोष आहे. त्यात 'ठोकळा सरकेल का?' एवढेच विचारले आहे. स्थिर असेल तर सरकणार नाही, कारण 18 हे 20 पेक्षा कमी आहे. आधीच ढकलीच्या दिशेने घसरत असेल तर थांबणार नाही, कारण आता अडवायला 15 च आहेत आणि वेग 0.6 मी/से² ने वाढत जाईल. ढकल तीच, ठोकळा तोच, उत्तरे दोन. सुरुवातीची स्थिती न देता हा प्रश्न विचारताच येत नाही.

तक्ता दुरुस्त करा, दोन्ही प्रश्न सुधारा, मुलांचे कापलेले गुण परत द्या आणि ज्यांनी तो संच सोडवला त्या सगळ्यांना चूक कळवा. 12 न्यूटनला घर्षण 12 च असते, हे पुन्हा लिहितो आहे, कारण फोनवर ते कोणी ऐकून घेतले नाही. आठवड्याभरात लेखी उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाईन. पुढच्या वर्षी माझ्या वर्गातून एकही वर्गणी तुमच्याकडे येणार नाही.

एक विज्ञान शिक्षक
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ