दाराबाहेर बसायला शिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या व्यसनांबद्दल पालकांना सावध करणारा कालच्या अंकातला लेख वाचला. दप्तर अचानक तपासा, मोबाइल तपासा आणि संशय आलाच तर औषधाच्या दुकानातून लघवी तपासायचं किट आणा, असा सल्ला आहे. कुत्रा पाळायचं तेवढं राहिलं.

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो. गेल्या जूनमध्ये फिटनेस सर्टिफिकेटसाठी त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सही करता करता, मान वर न करता विचारलं, "सिगारेट-बिगारेट ओढत नाहीस ना रे?" मी शेजारच्या खुर्चीत. तो म्हणाला, "नाही." खरंच सांगत होता. सिगारेट तो ओढत नव्हताच. दिवाळीच्या आसपास त्याचे मोजे धुवायला काढताना हिच्या हाताला रबर लावलेली प्लॅस्टिकची पुडी लागली. मावा होता.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. आवाज चढवला, दप्तर उलटं केलं. म्हणजे तुमच्या लेखाप्रमाणेच वागलो. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. शेवटी मेहुणीने मुलांच्या एका डॉक्टर बाईंचं नाव सुचवलं.

त्यांनी आधी आम्हा दोघांसमोर स्पष्ट केलं, "हा जे सांगेल ते माझ्याजवळ राहील. त्याच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच तुम्हाला सांगेन." आणि मला म्हणाल्या, "बाबा, आता तुम्ही बाहेर बसा." फी मी भरणार आणि बाहेरही मीच बसायचं! बसलो. दहा-बारा मिनिटं लागली असतील.

नंतर त्याने काय सांगितलं हे त्यांनी मला सांगितलं नाही, पण आपण काय विचारतो ते समजावलं. 'घेतोस का?' असं त्या विचारतच नाहीत, कारण त्याचं उत्तर 'नाही' हे ठरलेलं असतं. 'गेल्या वर्षभरात किती वेळा?' असं विचारतात. एकदाही नाही, एक-दोनदा, महिन्याला की आठवड्याला? तंबाखू, दारू, गांजा यांचं वेगवेगळं. आणि तंबाखूत मावा, गुटखा, मिश्री, वेप, हुक्का अशी नावं घेऊन, कारण मावा खाणाऱ्या मुलाच्या लेखी तंबाखू म्हणजे सिगारेट. एक-दोनदा असेल तर सरळ, थोडक्यात सल्ला. महिन्याला असेल तर नीट बसून गप्पा. आठवड्याला असेल तर एका भेटीत भागत नाही, पुन्हा बोलवायचं, गरज पडली तर पुढे पाठवायचं. 'प्यायलेल्या माणसाच्या गाडीवर बसलास का?' हा प्रश्न मात्र त्या काहीच न घेणाऱ्यालाही विचारतात. पुण्यात हे विचारायलाच हवं.

बाकीचं चिरंजीवांनीच हळूहळू सांगितलं. बाईंनी विचारलं, "त्यातलं काय आवडतं?" असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शनिवारी प्रॅक्टिस झाली की मोठी मुलं पुडी मळायची, त्यांच्यात उभं राहता यायचं, ते आवडायचं. "आणि काय आवडत नाही?" तो म्हणाला, तोंड झोंबतं, मिसळ खाता येत नाही.

संपादक महाशय, दोन महिने तो रविवारची मिसळ नको म्हणत होता आणि आम्ही समजत होतो की पोरगं डाएटवर आहे!

बाईंनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून बघायला सांगितलं. गेली. माव्यातल्या सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड कमी उघडतं, तिखट झोंबणं ही त्याची सुरुवात असू शकते, आणि ताठ झालेलं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, एवढं सांगून त्यांनी दातांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. व्याख्यान नाही. पुढच्या शनिवारी काय करशील, हे त्यालाच ठरवायला लावलं. त्याने ठरवलं, प्रॅक्टिस संपली की थेट सायकल काढायची. "एका गप्पेने सुटेल असं मी म्हणत नाही," हेही त्यांनी मला बजावलं. तिसऱ्या भेटीला तो एकटाच गेला.

तुमच्या त्या किटमध्ये गांजा कदाचित दिसेल. मावा दिसला नसता, शनिवार तर नाहीच.

जाता जाता, त्याच लेखाखाली अर्धं पान वेलचीची जाहिरात होती. वेलची विकायला एवढा मोठा नट लागतो? त्याच नावाचा पानमसाला टपरीवर लटकलेला असतो, हे पोरांना कळतं, तुमच्या जाहिरात विभागाला कळत नसावं.

मागे बसथांब्यावरचं माझं पत्र तुम्ही निम्मं कापलंत. या वेळी कापायचंच असेल तर वेलची कापाल हे ठाऊक आहे. बाईंचे प्रश्न तेवढे राहू द्या.

आपला,
एक पालक, कोथरूड, पुणे